निफ्टीचा २००८-०९ मधला दुहेरी तळ: दोनदा फसवून तिसऱ्यांदा खरा ठरलेला एक 'डब्ल्यू'

जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचा सर्वात वरचा बंद भाव ६,२८७.८५ होता. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला तो २,५२४.२० वर बंद झाला. साडेनऊ महिन्यांत साठ टक्के मूल्य गेलं होतं. तिथून १८ मे २००९ पर्यंत काय काय झालं, ते इथे दिवसागणिक बघायचं आहे. डबल बॉटम म्हणजे जवळपास एकाच पातळीवर दोन तळ करून वर फिरणारी 'डब्ल्यू' आकाराची किंमत, आणि तिची सगळी व्याकरणं व जवळजवळ सगळे सापळे या एकाच तुकड्यात सापडतात. आधी सांगून ठेवतो की इथले बहुतेक आकडे बंद भावाचे आहेत. जिथे दिवसातला उच्चांक किंवा नीचांक घेतला आहे तिथे तसं म्हटलं आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण अर्धी कथा त्यातच आहे.

२७ ऑक्टोबर २००८ हा सोमवार होता, दिवाळीच्या तोंडावरचा. दिवसभरात निफ्टी २,२५२.७५ पर्यंत घसरला आणि बंद होताना २,५२४.२० वर आला. म्हणजे तळाला हात लावून एकाच दिवसात पावणेतीनशे अंकांची उसळी. तिथून आठवड्याभरात, ४ नोव्हेंबरला, तो ३,१४२.१० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ३,२४० पर्यंत गेला आणि संध्याकाळी तीन हजारांच्याही खाली बंद झाला. मग पुन्हा घसरण सुरू झाली आणि २० नोव्हेंबरला बंद भाव २,५५३.१५ आला. पहिल्या तळापेक्षा सव्वा टक्काच वर.

इथे बऱ्याच जणांच्या तक्त्यावर 'डब्ल्यू'चा डावा अर्धा पूर्ण झाला आणि उजव्या अर्ध्याची वाट बघणं सुरू झालं. सहा दिवसांनी मुंबईवर हल्ला झाला. २७ तारखेला बाजार बंद राहिला, २८ ला उघडला आणि निफ्टी किंचित वरच बंद झाला. एवढी मोठी वाईट बातमी पचवूनही तळ मोडत नाही, ही खूण अनुभवी लोक लक्षात ठेवतात. पण खूण म्हणजे निकाल नव्हे.

पहिला सापळा: दिवसातला भाव

डबल बॉटम दोन तळांनी सिद्ध होत नाही. दोन तळांच्या मधल्या शिखरावरून एक आडवी रेघ काढायची, तिला नेकलाइन म्हणतात. किंमत त्या रेघेच्या वर बंद झाली की आकृती पूर्ण झाली. तोवर तुमच्यासमोर असते ती एका पट्ट्यात वरखाली होणारी किंमत, आणि असा पट्टा वरच्या बाजूने फुटतो तसा खालच्या बाजूनेही फुटतो.

या अटीमागे साधं कारण आहे. ४ नोव्हेंबरच्या आसपास तीन हजारांच्या वर ज्यांनी खरेदी केली, ते पुढच्या दोनच आठवड्यांत सहाशे अंकांनी अडकले. भाव पुन्हा तिथे आला की 'निदान मुद्दल सुटू दे' म्हणत ते विकणार. तो सगळा माल कोणीतरी उचलून संपवला, तरच किंमत रेघेच्या वर टिकते. नेकलाइनवरचा बंद भाव हा त्या मालाचा साठा संपल्याचा पुरावा असतो. तळाशी किती खरेदी झाली हे त्यातून कळत नाही, वरचे विक्रेते किती उरले आहेत ते कळतं.

नोव्हेंबरच्या तळापासून निफ्टी सावकाश चढत गेला. ५ जानेवारी २००९ ला ३,१२१.४५ वर बंद, ६ तारखेला ३,११२.८०. नेकलाइन होती ३,१४२.१०. हातभर अंतर राहिलं होतं. ७ जानेवारीच्या सकाळी निफ्टी ३,१४७.२० पर्यंत गेला, म्हणजे रेघेच्या पाच अंक वर. ज्यांनी रेघेवर खरेदीची ऑर्डर आधीच लावून ठेवली होती, त्यांची ती पूर्ण झाली.

त्याच सकाळी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं. सत्यम तेव्हा निफ्टीत होती. तिचा समभाग एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त पडला आणि निफ्टी २,९२०.४० वर बंद झाला. तेव्हा निफ्टी फ्युचरचा लॉट ५० चा होता. ३,१४७ ला घेतलेल्या एका लॉटवर संध्याकाळपर्यंत साधारण ११,३५० रुपयांचा तोटा. (फ्युचर आणि निर्देशांक यांच्या भावातला फरक मी या लेखात सोडून देतो आहे, मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.)

यावर हमखास येणारं उत्तर असं की ही तर बातमी होती, ती कोणाला ठाऊक असणार? अगदी खरं. पण ज्याचा नियम 'रेघेच्या वर बंद झाल्याशिवाय घ्यायचं नाही' असा होता, त्याला ही बातमी माहीत असण्याची गरज नव्हती. तो त्या दिवशी बाजारात नव्हताच. बंद भाव मागण्याची ही एवढीच कमाई. दिवसभरात जे काय घडायचं ते घडून जातं, आणि दिवसाच्या शेवटी जे लोक रात्रभर माल अंगावर ठेवायला तयार आहेत त्यांचं मत शिल्लक राहतं.

राष्ट्रीय शेअर बाजारात तर तेव्हा याला आणखी एक आधार होता. इथला समभागाचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नसून शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असायची, आणि निर्देशांकाचा बंद भाव अशाच बंद भावांवरून निघायचा. त्यामुळे घंटा वाजायच्या आधी कोणी एखादा मोठा सौदा ठोकून निफ्टीला रेघेपलीकडे ढकललं असं सहसा होत नसे. दिवसातला उच्चांक मात्र एका क्षणाचा असतो.

तिसरा तळ, आणि मापांची सरमिसळ

जानेवारीत पाय घसरल्यावर निफ्टी पुन्हा खाली गेला. ९ मार्च २००९ ला तो २,५७३.१५ वर बंद झाला. ऑक्टोबरच्या तळापेक्षा हा दोन टक्क्यांनी वर. त्याच दिवशी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ६७६.५३ वर बंद झाला आणि तो त्या मंदीचा शेवटचा तळ ठरला. गंमत अशी की तिथेही २० नोव्हेंबरलाच ७५२.४४ चा तळ झाला होता आणि तिथेही 'डबल बॉटम'ची चर्चा होती. तो तळ फेब्रुवारीत मोडला. तीच तारीख, दिसायला तोच आकार, पण एक टिकला आणि एक फुटला. तळाकडे बघून हे आधी सांगता आलं नसतं.

आता कोणी म्हणेल, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च असे तीन तळ आहेत तर याला ट्रिपल बॉटम म्हणा. म्हणा बापडे. नावाने नियम बदलत नाही. तळांच्या दरम्यानचा सर्वात उंच बंद भाव घ्यायचा आणि त्याच्यावर बंद होण्याची वाट बघायची. रेघ तीच राहते, ३,१४२.१०.

पण मोजमाप कशात करायचं हे आधी ठरवायला हवं. दिवसातले नीचांक धरले तर ऑक्टोबरचा २,२५२.७५ आणि मार्चचा २,५३९ यांत जवळपास तेरा टक्क्यांचा फरक पडतो. डबल बॉटममध्ये दोन तळ एकमेकांच्या तीन-चार टक्क्यांत असावेत असा ढोबळ संकेत आहे, त्यामुळे त्या मापाने इथे डबल बॉटम नाहीच, वर सरकणारे तळ आहेत. बंद भाव धरले तर दोन टक्के फरक आणि आकृती अगदी नेटकी. दोन्ही मापं चालतात. चालत नाही ती सरमिसळ. तळ मोजताना सोयीचा बंद भाव घेतला आणि नेकलाइन काढताना ५ नोव्हेंबरचा दिवसातला ३,२४० चा उच्चांक घेतला, तर पुढे २ एप्रिलचा निकाल तुम्हाला दिसलाच नसता. उलट तळ सुईसारख्या नीचांकाचा आणि रेघ बंद भावाची घेतली, तर आकृतीची उंची फुगते आणि टार्गेट हवेत जातं. माझा अनुभव असा की तक्ता काढणारा माणूस ही सरमिसळ मुद्दाम करत नाही, त्याला हवं ते उत्तर मिळेपर्यंत हात आपोआप सरकत राहतो.

दुसरा सापळा: तिरकी रेघ

मार्चच्या तळानंतरची उसळी झपाट्याची होती. तीन आठवड्यांच्या आत, २७ मार्चला, निफ्टी ३,१०८.६५ वर बंद झाला. आडव्या रेघेच्या अजून खाली. पण पुष्कळ तक्त्यांवर आडवी रेघ नव्हतीच. ४ नोव्हेंबरचा ३,१४२ आणि ५ जानेवारीचा ३,१२१ हे दोन बंद भाव जोडून एक किंचित उतरती रेघ काढलेली होती. ती पुढे वाढवली की मार्चअखेरीस ३,०९५ च्या आसपास येते. म्हणजे त्या हिशेबाने शुक्रवारी, २७ मार्चला, ब्रेकआउट झालेला होता.

सोमवारी, ३० मार्चला, निफ्टी २,९७८.१५ वर बंद झाला. एका दिवसात १३० अंक गेले.

तिरकी नेकलाइन चुकीची असते असं नाही. हेड अँड शोल्डर्स या तीन शिखरांच्या आकृतीत ती नेहमीच काढली जाते. पण डबल बॉटममध्ये ती काढण्याचं खरं कारण बहुधा एवढंच असतं की तिच्यामुळे आपल्याला थोडं लवकर आत शिरता येतं. अडकलेल्या विक्रेत्याच्या नजरेतून बघा. ज्याने ३,१४० ला घेतलं आहे त्याचं मुद्दल ३,१४० लाच सुटतं, काळ गेला म्हणून ते ३,०९५ ला सुटत नाही. त्याचा माल अजून रेघेखाली विक्रीला बसलेलाच होता. उतरत्या रेघेने तो हिशेबात धरला नाही.

निकाल

३१ मार्चला ३,०२०.९५, १ एप्रिलला ३,०६०.३५ आणि २ एप्रिल २००९ ला ३,२११.०५. हा ३,१४२.१० च्या वरचा पहिला बंद भाव. पहिल्या तळानंतर पाच महिन्यांनी.

इथे प्रश्न येतो की रेघेच्या वर किती? जुन्या तक्तेकारांचा नियम तीन टक्क्यांचा आहे. तीन टक्के म्हणजे ३,२३६, आणि ३,२११ तिथे पोचत नाही, तो सव्वादोन टक्केच वर आहे. एक टक्का मागणाऱ्याला त्याच दिवशी होकार मिळाला, तीन टक्के मागणाऱ्याला पुढच्या सत्रात, ६ एप्रिलला, ३,२५६.६० वर. फरक पडला पंचेचाळीस अंकांचा. निर्देशांकात मला एक टक्का पुरेसा वाटतो, कारण तो पन्नास समभागांची सरासरी असल्यामुळे मुळातच कमी उसळतो. एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीचा समभाग रोज दोन-तीन टक्के हलत असेल, तर तिथे एका टक्क्याला काहीच अर्थ उरत नाही.

व्हॉल्यूमबद्दल थोडक्यात. रेघ फोडून वर जाताना उलाढाल वाढलेली असावी, हा नियम समभागांत पाळावा. निर्देशांकाची स्वतःची उलाढाल नसते, फ्युचर्सची असते, आणि ती एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या, गणिताने फुगते-आकसते. त्यामुळे या प्रकरणात मी तिला साक्षीदार म्हणून बोलावत नाही.

टार्गेट काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. नेकलाइनमधून सर्वात खालचा तळ वजा करायचा आणि येणारी उंची नेकलाइनवर मांडायची. ३,१४२.१० वजा २,५२४.२० म्हणजे ६१७.९०. नेकलाइनवर मांडली की ३,७६०.

स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडायचा भाव, कुठे? बहुतेक ठिकाणी 'दुसऱ्या तळाच्या खाली' असं उत्तर मिळतं. हिशेब करून बघा. खरेदी ३,२११ ला, शेवटचा तळ २,५७३. धोका ६३८ अंकांचा आणि टार्गेटपर्यंतचा फायदा ५४९ चा. एका लॉटला ३१,९०० रुपये पणाला लावून २७,४५० रुपये मिळवायचे. हा सौदा आकृती खरी ठरूनही न परवडणारा आहे, कारण दहातल्या सहा वेळा बरोबर आलात तरी हाती फारसं काही उरत नाही. आणि मुळात तर्कालाही ते धरून नाही. रेघेवरचा माल संपला हे आपलं म्हणणं आहे. भाव पुन्हा रेघेच्या बराच खाली बंद झाला तर ते म्हणणं तिथेच खोटं ठरलं, मग तळापर्यंत वाट कशाची बघायची? नेकलाइनच्या तीन टक्के खाली, म्हणजे ३,०४८ ला, बंद भावावर स्टॉप ठेवला तर धोका १६३ अंकांचा होतो. लॉटमागे ८,१५० रुपये. फायद्याच्या तुलनेत एकास सव्वातीन.

न आलेला पुलबॅक

ब्रेकआउट झाल्यावर किंमत पुन्हा नेकलाइनला टेकायला येते, तेव्हा स्वस्तात घ्यावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. २ एप्रिलनंतर निफ्टी ३,१४२ च्या खाली एकदाही बंद झाला नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात तो ३,३६०-३,३७० च्या आसपास दोन-तीनदा रेंगाळला, पण नेकलाइन तिथूनही दोनशे अंक खालीच राहिली. पुलबॅकसाठी दाराशी उभे राहिलेले लोक दाराशीच राहिले. ज्यांनी अर्धी खरेदी २ किंवा ६ एप्रिलला केली आणि अर्धी पुलबॅकसाठी राखली, त्यांची अर्धी तरी चालली.

७ मेला ३,६८३.९०. टार्गेट दोन टक्क्यांवर आलं होतं. १५ मेला, शुक्रवारी, ३,६७१.६५. शनिवारी लोकसभेची मतमोजणी झाली आणि कोणाच्याही अंदाजापेक्षा स्पष्ट निकाल लागला. १८ मेच्या सोमवारी बाजार उघडताच वरचं सर्किट, म्हणजे वाढीची मर्यादा गाठल्यावर व्यवहार थांबवणारी अट, लागलं, दोन तास थांबून पुन्हा उघडला तेव्हा पुन्हा लागलं आणि दिवसभरासाठी बंद झाला. प्रत्यक्ष व्यवहार काही सेकंदांचे झाले. निफ्टी ४,३२३.१५. एका दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त. ३,७६० हा आकडा वाटेत लागलाच नाही, त्याच्यावरून उडी गेली.

इथे प्रामाणिक राहायला हवं. टार्गेट 'गाठलं' असं मी प्रशिक्षणवर्गात सांगू शकतो आणि टाळ्याही मिळतील. पण डबल बॉटमला मतमोजणीची कल्पना नव्हती. निकाल त्रिशंकू लागला असता तर सोमवारी सर्किट खालच्या बाजूचं लागलं असतं आणि ३,०४८ चा बंद भावाचा स्टॉप कागदावरच राहिला असता. आकृतीने केलेलं काम इतकंच होतं की एप्रिलच्या सुरुवातीला तिने एक मोजता येईल असा धोका आणि एक मोजता येईल असा फायदा समोर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी माल पूर्ण ठेवायचा की निम्मा काढायचा, हा निर्णय तक्त्यात नव्हता.

तोच आरसा, उलटा धरलेला

दोन वर्षांनी या प्रकरणाची उलटी प्रतिमा दिसली, म्हणून डबल टॉपचंही इथेच बोलून घेतो. ५ नोव्हेंबर २०१०, लक्ष्मीपूजन, मुहूर्ताचे सौदे. निफ्टी ६,३१२.४५ वर बंद झाला. जानेवारी २००८ चा सर्वोच्च बंद ६,२८७.८५ होता, म्हणजे पावणेतीन वर्षांनी नवा उच्चांक, पंचवीस अंकांनी. टक्क्यांत बघितलं तर अर्धा टक्काही नाही. एक टक्का मागणाऱ्या नियमाने त्या रात्री काहीच घेतलं नसतं. पेढे मात्र वाटले गेले.

बाजार तिथून परतला आणि मग 'महाडबल टॉप' सर्वांना दिसू लागला: २००८ चं एक शिखर, २०१० चं दुसरं. तक्त्यावर तो आजही दिसतो, 'एम' अक्षर इतकं सुबक की दुरूनही वाचता यावं. त्याची नेकलाइन कुठे होती हे मात्र फार थोडे लोक विचारत होते. ती होती २,५२४ वर, २७ ऑक्टोबर २००८ चा तोच बंद भाव. त्याच्याखाली बंद होईपर्यंत डबल टॉप सिद्ध होत नाही, आणि तिथे जायला बाजाराला साठ टक्के पडावं लागलं असतं. टार्गेट काढून बघा: उंची ३,७८८, ती २,५२४ मधून वजा केली तर उणे १,२६४ येतं. शून्याच्या खालचा निफ्टी. इतक्या लांबच्या आकृत्यांना अंकांऐवजी टक्क्यांत मोजतात हे खरं, आणि तसं मोजलं तर हजाराच्या आसपास येतो. पण ज्या आकृतीची पुष्टी व्हायच्या आतच साठ टक्के पडझड होऊन गेलेली असेल, ती पुष्टी कोणाच्या कामाची?

याच मोठ्या, कधीच सिद्ध न झालेल्या आकृतीच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान डबल टॉप मात्र खरा निघाला. पहिलं शिखर ५ नोव्हेंबरचं ६,३१२.४५, दुसरं ३ जानेवारी २०११ चं ६,१५७.६०, अडीच टक्क्यांनी कमी. मधला सर्वात खालचा बंद २६ नोव्हेंबरचा ५,७५१.९५. ११ जानेवारीला निफ्टी ५,७५४ वर, रेघेच्या दोन अंक वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी शंभर अंक उसळला. आधीच शॉर्ट केलेल्यांची, म्हणजे भाव पडेल म्हणून विकून बसलेल्यांची, धांदल उडाली. १३ जानेवारीला ५,७५१.९० वर बंद झाला. रेघेच्या पाच पैसे खाली. पाच पैशांना पुष्टी मानायचं का, हा प्रश्न विनोदी वाटतो, पण त्या संध्याकाळी तो कोणाच्या तरी संगणकाने गंभीरपणे सोडवला असणार. दुसऱ्या दिवशी बंद ५,६५४.५५, पावणेदोन टक्के खाली. ही खरी पुष्टी.

या वेळी पुलबॅक आला. २४ जानेवारीला निफ्टी ५,७४३ वर, रेघेच्या नऊ अंक खाली बंद झाला आणि तिथूनच परतला. तीन टक्के मागणाऱ्यांना होकार २८ जानेवारीला ५,५१२ वर मिळाला, म्हणजे दोन आठवडे उशिरा आणि एक टक्कावाल्यांपेक्षा १४२ अंक खाली. एप्रिल २००९ मध्ये याच नियमाची किंमत पंचेचाळीस अंक होती. शिखरांच्या बाजूला ही तीन टक्क्यांची गाळणी महाग पडली.

टार्गेट ५,७५२ वजा ५६०, म्हणजे ५,१९१. १० फेब्रुवारीला बंद ५,२२५.८०. ११ तारखेला दिवसातला नीचांक ५,१७८ च्या आसपास गेला आणि तिथून भाव वर फिरला. दिवसातल्या भावाने मोजलं तर टार्गेट पूर्ण झालं, बंद भावाने मोजलं तर चौतीस अंकांनी हुकलं. ज्याने ५,१९१ ला ऑर्डर लावून ठेवली होती तो सुटला. ज्याने 'टार्गेटखाली बंद होऊ दे, मग बघू' म्हटलं, त्याचा सगळा नफा एप्रिलपर्यंत परत गेला, कारण तोवर निफ्टी ५,९०० च्या वर होता. आत शिरताना बंद भाव आणि बाहेर पडताना दिवसातला भाव, ही एकच सरमिसळ मी करतो. मापाच्या बाबतीत एवढं बोलल्यावर हे कबूल करणं भाग आहे.

आणि तो महाडबल टॉप? डिसेंबर २०११ मध्ये निफ्टी ४,५४४ वर बंद झाला, पुढे ३ नोव्हेंबर २०१३ च्या मुहूर्ताला पुन्हा ६,३१७ वर आला, पुन्हा लक्ष्मीपूजनालाच. या वेळी 'ट्रिपल टॉप' म्हणणारे निघाले. मार्च २०१४ मध्ये तो साडेसहा हजारांच्या वर बंद झाला. २,५२४ ची ती नेकलाइन तेव्हाही चार हजार अंक खालीच होती.